स्टाफरूमच्या दारात घुटमळणाऱ्या मुलासाठी

*नमस्कार सर,*

*मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात १७ वर्षं गणित शिकवते. दुसऱ्या वर्षाचं एम-थ्री माझ्याकडे असतं. आवाज मुळातच चढा, चेहरा गंभीर. मुलं स्टाफरूमच्या दारातून परत फिरतात हे मला दिसतं. आता कॉलेजच्या वेबसाइटसाठी आणि नव्या वर्गाला पहिल्या दिवशी दाखवायच्या स्लाइडसाठी माझा परिचय नव्याने लिहून द्यायचाय. सध्याचा असा आहे :*

*‘डॉ. … या गणित विभागात सहयोगी प्राध्यापक म्हणून कार्यरत असून त्यांना अध्यापन क्षेत्रातील १७ वर्षांचा प्रदीर्घ अनुभव आहे. त्यांचे १४ शोधनिबंध प्रसिद्ध झाले असून २२ कार्यशाळांमध्ये त्यांचा सक्रिय सहभाग राहिला आहे. त्या आयएसटीईच्या आजीव सदस्य आहेत. शिस्तप्रिय व विद्यार्थीप्रिय अध्यापिका म्हणून त्या सुपरिचित आहेत. विद्यार्थ्यांनी शंकानिरसनासाठी केव्हाही संपर्क साधावा.’*

*हा वाचून मलाच माझी भीती वाटली. मऊ कसा करू? फार गोड केला तर मुलं डोक्यावर बसतील, तीही धास्ती आहे. आणि एक : एमएस्सीच्या पहिल्या वर्षी मी रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये नापास झाले होते. हे लिहावं का? आजवर कुणाला सांगितलेलं नाही.*

*– गणिताची मॅडम*

मॅडम, नमस्कार.

तुमचा परिचय मी दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं, कारण माझ्या नोकरीत असे निदान शंभर परिचय मी स्वतः लिहून दिलेत. मी मराठी शिकवायचो, त्यामुळे माहितीपुस्तिका काढायची म्हटली की सगळ्या विभागांचे कागद माझ्या टेबलावर येऊन पडायचे. ‘कार्यरत असून’, ‘सक्रिय सहभाग’, ‘प्रदीर्घ अनुभव’ हे शब्द माझ्याच पेनातून कित्येकदा उतरलेत. तेव्हा हे माझंही पाप आहे असं समजा.

या मजकुरात खोटं काही नाही. तो लिहिलाय मात्र तपासणीला येणाऱ्या समितीसाठी. नॅक, एनबीए, एआयसीटीई यांना पदवी, अनुभव, शोधनिबंध, कार्यशाळा हे सगळं लागतं आणि ते वेबसाइटवर असायलाच हवं. पण तो तपशील तक्त्यात राहू द्या. समितीचे लोक थेट तक्ताच बघतात. वरचा परिच्छेद तेवढा तिथून सोडवून घ्या आणि दारात घुटमळणाऱ्या मुलाला द्या. त्या मुलाला तुमचे निबंध चौदा की चाळीस याच्याशी देणंघेणं नाही. त्याच्या मनात एकच प्रश्न असतो : आत गेलो तर काय होईल? ‘एवढंही येत नाही?’ असं सगळ्या स्टाफरूमसमोर ऐकावं लागेल का?

दोन ओळींच्या परिचयाने काय फरक पडणार, असं वाटत असेल तर एक जुना प्रयोग सांगतो. हॅरल्ड केली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये तो केला आणि १९५० साली प्रसिद्ध केला. एका वर्गाला सांगितलं की आज नवे शिक्षक येताहेत, त्याआधी ही त्यांच्याविषयीची छोटी टिपणं वाचा. टिपणात वय, शिक्षण, अनुभव, स्वभावाचे चार शब्द असं सगळं होतं. फरक एवढाच, की काहींच्या हातातल्या कागदावर ‘ओळखणाऱ्यांच्या मते हे खूप प्रेमळ आहेत’ असं होतं, तर काहींच्या कागदावर ‘काहीसे थंड आहेत’ असं. कागद दोन प्रकारचे आहेत हे मुलांना माहीत नव्हतं. मग शिक्षक आले आणि त्यांनी सुमारे वीस मिनिटं सगळ्यांशी मिळून एकच चर्चा घेतली. ‘प्रेमळ’ वाचलेल्यांपैकी ५६ टक्के मुलं त्या चर्चेत बोलली, ‘थंड’ वाचलेल्यांपैकी ३२ टक्के. माणूस एकच, वर्ग एकच, तास एकच.

म्हणजे परिचयाचा परिणाम होतो, आणि तुम्ही तोंड उघडायच्या आधीच होतो. पण त्या टिपणातली एक गोष्ट सहज निसटते. ‘प्रेमळ’ हा शब्द त्या शिक्षकांनी स्वतःविषयी वापरला नव्हता. ‘ओळखणाऱ्यांच्या मते’ असं तिथे होतं. तुम्ही स्वतःच्या परिचयात ‘विद्यार्थीप्रिय’ लिहिता तेव्हा वाचणारा मनात म्हणतो, ते आम्ही ठरवू ना. त्यातून तुम्ही ‘शिस्तप्रिय व विद्यार्थीप्रिय’ अशी जोडी लावलीत. मुलांनी पहिला शब्द वाचला आणि दुसऱ्यापर्यंत ती पोचलीच नाहीत. तेव्हा स्वभावाची सगळी विशेषणं काढून टाका. मनमिळाऊ, हसतमुख, मैत्रीपूर्ण यांतलं काहीही आत आणू नका. त्यांच्या जागी असं काही लिहा, ज्यावरून मुलगा स्वतःच म्हणेल की ही बाई बरी दिसतेय.

ते काय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. १७ वर्षं एकच विषय शिकवल्यावर मुलं कुठे अडखळतात हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. मी आमच्या शेजारच्या मुलाला विचारलं. तो डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलाय आणि एम-थ्रीत त्याला केटी लागलीय. म्हणाला, ‘काका, लाप्लास जमतं हो. इन्व्हर्स करताना पार्शल फ्रॅक्शन येतं तिथे गाडी थांबते. ते आधी यायला पाहिजे होतं, मग आता कसं विचारायचं?’ मी म्हटलं, विचारलंस का कधी? तर म्हणे, ‘मॅडम इंग्लिशमध्ये शिकवतात, मला प्रश्नच इंग्लिशमध्ये जुळवता येत नाही.’ झालं. दोन वाक्यांत त्याने आपल्याला परिचयाचा निम्मा मजकूर दिला. विषय मागच्या वर्षाचा असल्याची लाज आणि भाषेची लाज. ‘केव्हाही संपर्क साधावा’ या वाक्याने यातली एकही लाज कमी होत नाही. ‘मराठीत विचारलं तरी चालेल’ या चार शब्दांनी एक तर जागच्या जागी जाते.

आता मी तुमच्या वतीने लिहून दाखवतो. वेळ, जागा, दिवस मी मनाचे घातलेत, तुमचे घाला.

*‘नमस्कार. मी दुसऱ्या वर्षाला एम-थ्री शिकवते. १७ वर्षं शिकवतेय, त्यामुळे मुलं कुठे अडकतात ते पाठ झालंय. बहुतेकांना लाप्लास जमतं, आतलं पार्शल फ्रॅक्शन जमत नाही. आणि ते मागचं म्हणून विचारायला लाजतात. विचारा. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आला असाल तर पहिल्याच आठवड्यात या.*

*मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी ३ ते ४ मी स्टाफरूममध्ये खिडकीजवळच्या टेबलाशी असते. येताना अर्धवट सोडवलेलं गणित आणा. चुकलेलं असेल तर उत्तमच, कुठे चुकलं ते पटकन सापडतं. मराठीत विचारलं तरी चालेल. एकट्याने यायला नको वाटत असेल तर मित्राला किंवा मैत्रिणीला घेऊन या.*

*एमएस्सीच्या पहिल्या वर्षी मी रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये नापास झाले होते. पुढे पीएचडी गणितातच केली.*

*माझा आवाज मोठा आहे. शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय लागलीय, रागावले असं समजू नका. असाइनमेंट मात्र ठरल्या तारखेलाच घेते, कारण ती तपासून परीक्षेआधी तुमच्या हातात परत द्यायची असते.’*

बघा, ‘मी प्रेमळ आहे’ असं कुठेही नाही. ‘डॉ.’ सुद्धा नाही. पीएचडी आली ती नापास होण्याच्या पाठोपाठ.

सगळ्यात मोठा बदल पहिल्याच शब्दात आहे. ‘त्या कार्यरत आहेत’चं ‘मी शिकवते’ झालं. मराठीत आदरार्थी बहुवचन फार चांगली सोय आहे, पण माणूस ते स्वतःविषयी वापरायला लागला की तो आपल्याच सत्कार समारंभात बसलाय असं वाटतं. बाहेरच्या व्याख्यानाला तुमची ओळख करून देणारा दुसरा कुणी असतो. तिथे ‘त्या’ शोभतं. इथे ओळख तुम्हीच करून देताय. क्रियापदंही बघा. ‘शंकानिरसनासाठी संपर्क साधावा’ हे नोटीस बोर्डाचं क्रियापद आहे. ‘करावे’, ‘साधावा’, ‘घेतली जाईल’ अशी रूपं आली की पाठोपाठ शिक्का आणि सही येणार असं वाटतं. ‘या’, ‘विचारा’, ‘आणा’ ही आज्ञार्थी रूपं आहेत खरी, पण घरात पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणतो तीच. मात्र उत्साहाच्या भरात ‘अरे-तुरे’वर जाऊ नका. वर्गात तुम्ही एखाद्याला ‘तू बस रे’ म्हणत असाल, ते तोंडी छान वाटतं. छापलेलं ‘तू’ लहान मुलांच्या पुस्तकासारखं दिसतं, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला ते सोसत नाही.

‘केव्हाही या’विषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या चुकीची किंमत मी स्वतः मोजलीय. नोकरीच्या सुरुवातीला मी पहिल्या तासाला ऐटीत सांगायचो, ‘माझं दार सदैव उघडं आहे.’ एकदा लागोपाठ चार तास घेऊन मी डबा उघडला आणि एक मुलगी निबंध दाखवायला आली. मी मान वर न करता ‘नंतर ये’ म्हणालो. ती नंतर आली नाहीच, आणि तिच्या मैत्रिणीही कधी आल्या नाहीत. खवट सर म्हणून प्रसिद्ध असतो तर तिला माझं वागणं लागलं नसतं. लागलं ते मी दिलेल्या शब्दामुळे. आठवड्यातले दोन तास सांगा, पण त्या दोन तासांत पेन खाली ठेवून बसता आलं पाहिजे. शिवाय ‘केव्हाही’ हा शब्द वाचणाऱ्यालाही उपयोगी पडत नाही. केव्हाही म्हणजे नेमकं केव्हा हे त्याने ठरवायचं, म्हणजे तुम्हाला त्रास द्यायची जबाबदारी त्याची. ‘मंगळवारी ३ वाजता’ म्हटलं की ती वेळ आधीच त्याची झाली. ‘खिडकीजवळचं टेबल’ही मी मुद्दाम घातलंय. बारा टेबलांच्या स्टाफरूममध्ये ‘अमुक मॅडम कुठे बसतात?’ हे पहिल्याच टेबलावरच्या सरांना विचारायचं, इथेच अर्धी मुलं परत फिरतात.

अर्धवट गणित आणायला सांगण्याचंही असंच. ‘शंका’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण शंका नीट मांडता येणं ही पुढची पायरी आहे. ज्याला काहीच कळलेलं नाही त्याच्याकडे शंका नसते, नुसता धसका असतो. त्याला हातात धरायला कागद द्या. चुकलेलं गणित चालतं म्हटलं की तो तेवढं तरी करून येतो आणि तुमचंही काम सोपं होतं.

आता रिअल अ‍ॅनालिसिस. लिहा, असं माझं मत आहे, पण ते कुठे आणि किती लिहायचं याला महत्त्व आहे. इथे आणखी एक प्रयोग आठवतो. एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये मुलांना प्रश्नमंजुषेच्या ध्वनिफिती ऐकवल्या. एक स्पर्धक ९२ टक्के उत्तरं बरोबर देतो, दुसरा जेमतेम ३० टक्के. काही फितींमध्ये शेवटी त्या स्पर्धकाच्या हातून कॉफीचा कप सांडल्याचा आवाज येतो. हुशार माणसाने कप सांडला तर तो ऐकणाऱ्यांना जास्त आवडला. बेताच्या माणसाने सांडला तर तो होता त्याहून कमी आवडला. म्हणजे चूक कबूल करून आपलेपणा तेव्हाच मिळतो, जेव्हा समोरच्याला तुमच्या विषयातल्या ताकदीची खात्री आधीच पटलेली असते. म्हणून मी १७ वर्षं आणि पार्शल फ्रॅक्शन वर ठेवलं आणि नापास होणं तिसऱ्या परिच्छेदात नेलं. तेही दोन वाक्यांत. त्यावर ‘म्हणून मुलांनो, अपयशाने खचू नका’ असं तिसरं वाक्य जोडायचा मोह होईल. जोडू नका, त्या वाक्याने तुम्ही पुन्हा व्यासपीठावर जाऊन उभ्या राहाल.

पण मनापासून सांगतो, हे वाक्य लिहिताना हात अडत असेल तर सोडून द्या. इतकी वर्षं जपलेली गोष्ट माझ्या सांगण्यावरून भिंतीवर लावायची गरज नाही. त्याच्याशिवायही बाकीचा मजकूर उभा राहतो. आणि मधला मार्गही आहे : वेबसाइटवर ते नको, वर्गात तोंडी सांगा. वेबसाइट पालक वाचतात, विभागप्रमुख वाचतात, प्रवेशाच्या दिवसांत शेजारच्या कॉलेजचे लोकही वाचतात. वर्गातल्या साठ मुलांसमोर सांगितलेली गोष्ट वेगळी असते.

डोक्यावर बसण्याच्या धास्तीविषयी. असाइनमेंटची ओळ मी त्यासाठीच ठेवली. मुलांना नियमाची भीती वाटत नाही, नियम कधी कुणावर कसा पडेल याची वाटते. एक नियम, त्याचं खरं कारण, एवढं सांगितलं की पुरे. मात्र कारण खरंच खरं हवं. तपासलेल्या असाइनमेंट परीक्षेआधी परत देत नसाल तर ही ओळ काढा, नाहीतर पहिल्याच सत्रात मुलं ती तुम्हाला वाचून दाखवतील. हजेरीचे ७५ टक्के, मोबाइल, गणवेश हे काही इथे आणू नका. ते कॉलेजच्या नियमावलीत आहे, ते तुमच्या तोंडी कशाला?

आवाजाची ओळ तुम्हाला विचित्र वाटेल. पण तुमच्या पत्रात पहिल्या चार ओळींत तुम्ही आवाज सांगितलात, म्हणजे ती अडचण तुम्हाला ठाऊक आहे. आवाज बदलणार नाही आणि बदलायचं कारणही नाही. तो चढा का आहे हे एकदा सांगून ठेवलं की पहिल्या तासाला मुलं त्याचा वेगळा अर्थ लावत नाहीत. फोटोही बघून घ्या. सध्या ओळखपत्रावरचा लावला असेल, निळ्या पडद्यासमोरचा, तर तो काढा. फळ्यापाशी उभ्या असताना कुणी सहज काढलेला असेल तर तो लावा. हसायलाच हवं असं नाही, पण चेहरा कुठेतरी बघत असावा, अंपायरसारखा समोर रोखलेला नको.

स्लाइडसाठी यातलं सगळं घेऊ नका. एवढा मजकूर पडद्यावर टाकलात तर मागच्या बाकावरून दिसणारही नाही, आणि मुलं वाचत बसली तर तुमच्याकडे बघणार नाहीत. स्लाइडवर तीन ओळी : मंगळवार-गुरुवार ३ ते ४, खिडकीजवळचं टेबल, अर्धवट गणित आणा. बाकीचं बोला. मराठीतल्या सवलतीची ओळ तर मराठीतच बोला. इंग्रजीत ‘मराठी चालेल’ म्हणणं जरा गमतीचं होईल. वेबसाइट इंग्रजीत असेल तर या मजकुराचा अनुवाद करत बसू नका, तसाच साधा परिच्छेद इंग्रजीत नव्याने लिहा. ‘मराठीत विचारलं तरी चालेल’ एवढी ओळ तिथेही देवनागरीत ठेवा. ती ज्याच्यासाठी आहे त्याला ती पानभर इंग्रजीतून आपोआप दिसेल. मोबाइल नंबर मात्र तिथे टाकू नका. कॉलेजचा ईमेल पुरे. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री साडेअकराला आलेल्या गणिताला उत्तर द्यायची सवय लागली की मंगळवार-गुरुवारला अर्थ उरत नाही.

छापायला देण्याआधी दोन मुलांना दाखवा. त्यातला एक केटीवाला हवा. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, ‘छान आहे मॅडम’ हेच उत्तर येईल. मजकूर काढून घ्या आणि विचारा, ‘मला भेटायचं असेल तर कधी येशील? काय घेऊन येशील?’ ही दोन उत्तरं धडाधड आली तर मजकूर जमला. त्याने तुमच्या पदव्या सांगितल्या किंवा ‘मॅडम चांगल्या आहेत’ असं म्हटलं, तर पुन्हा बसा.

नंतर पहिले तीन आठवडे कोण येतं तिकडे लक्ष ठेवा. कुणीच आलं नाही तर बहुधा वेळ चुकलीय. मंगळवारी ३ वाजता त्यांचं प्रॅक्टिकल असेल, किंवा कॉलेजची बस ३.१५ला सुटत असेल. गावाकडून येणाऱ्या मुलांचं सगळं वेळापत्रक बसवर असतं. पण फक्त पहिल्या बाकावरची मुलं येत असतील तर चूक मजकुरात आहे असं समजा. बाकीच्यांना तो ‘हुशारांनी या’ असा ऐकू आला. मग पार्शल फ्रॅक्शनची ओळ आणखी वर न्या, अगदी नमस्काराच्या पाठोपाठ, आणि वर्गात ते उदाहरण फळ्यावर चुकवून दाखवा.

आणि सत्र बदललं की वेळापत्रक बदलतं. जानेवारीत मंगळवारी ३ वाजता तुम्ही तिसऱ्या मजल्यावर तास घेत असाल आणि वेबसाइटवर मात्र खिडकीजवळ बसलेल्या असाल. तेव्हा वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाशी आत्ताच ओळख करून ठेवा. ती एक ओळ वर्षातून दोनदा बदलायला लागणार आहे.